शेवटच्या सहाशे मीटरमध्ये हरवलेले पन्नास व्होल्ट

एका वस्तीतील कमी दाबाच्या तक्रारीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका वितरण रोहित्रावर, म्हणजे बोलीत ज्याला डीपी म्हणतात त्यावर, एक वस्ती जोडलेली होती. रोहित्र १०० केव्हीएचे होते. ११ केव्ही घेऊन ते चार तारांच्या लघुदाब वाहिनीला वीज देई. या वाहिनीत लाल, पिवळा आणि निळा असे तीन फेज आणि एक न्यूट्रल होता. ती सुमारे सहाशे मीटर लांब होती आणि घरे तिच्या दोन्ही बाजूंना साधारण सारख्या अंतराने पसरलेली होती. तार ३० चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमची, न्यूट्रलही तेवढ्याच जाडीचा. वाहिनी टाकली तेव्हा घरांत दिवे, पंखे आणि एखादा दूरचित्रवाणी संच एवढेच असे. पुढे फ्रीज, पंप, गीझर आणि वातानुकूलन यंत्रे आली. तार मात्र तीच राहिली.

वाहिनीच्या टोकाकडच्या काही घरांची तक्रार ठरावीक वेळेची होती. संध्याकाळी सात ते दहा या वेळात पंखे मंदावत, फ्रीजचा कॉम्प्रेसर गुरगुरून बंद पडे, पंप सुरूच होत नसे. एका घरात सॉकेटवर मोजलेला दाब १७८ व्होल्ट भरला. अपेक्षित दाब २३० व्होल्ट. अनेक देशांत त्याच्या दहा टक्के खाली-वर, म्हणजे २०७ ते २५३ ही चालू शकणारी मर्यादा मानतात. १७८ हा आकडा त्या मर्यादेच्या बराच खाली होता. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे घटतो, त्यामुळे १७८ व्होल्टवर तिला सुरू होताना जेमतेम साठ टक्के जोर मिळतो. एलईडी दिवे मात्र एवढ्या दाबावरही नीट जळत होते. ज्यांच्याकडे फक्त दिवे होते त्यांना काही बिघडले आहे हे कळतही नव्हते, आणि म्हणून तक्रार बराच काळ किरकोळ समजली गेली.

अडचण: दोष नेमका कुठे?

रहिवाशांचा समज असा होता की वीज केंद्रातूनच कमी येते. तपासाला आलेल्या अभियंत्याला हा समज खोडायचा होता, पण निव्वळ शब्दांनी नव्हे. म्हणून तिने विजेचा सगळा प्रवास डोळ्यांसमोर ठेवला आणि दर टप्प्यावर किती दाब हरवू शकतो याचा हिशेब मांडला.

मोठ्या केंद्रातील ५०० मेगावॉटचा जनित्र साधारण २१ केव्हीवर वीज तयार करतो. ती याच दाबाने पाठवायची तर तारेतून जवळपास पावणेचौदा हजार अँपिअर वाहावे लागतील. केंद्राच्या आवारातले रोहित्र दाब ४०० केव्हीपर्यंत चढवते आणि तेवढीच शक्ती सुमारे ७२० अँपिअरमध्ये निघते. तारेत उष्णता होऊन जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे प्रवाह एकोणीसपट कमी झाला की तोटा सुमारे तीनशे साठपट कमी होतो. तीनशे किलोमीटरच्या ४०० केव्ही वाहिनीत, दर किलोमीटरला ०.०३ ओहम रोध धरला, तर तोटा सुमारे १४ मेगावॉट येतो. ५०० च्या मानाने तो तीन टक्क्यांहूनही कमी आहे.

त्यापुढे उपकेंद्रांत दाब टप्प्याटप्प्याने उतरतो: २२० किंवा १३२ केव्ही, मग ३३, मग ११. टप्पे ठिकाणानुसार बदलतात. पण या तक्रारीसाठी महत्त्वाचे होते ते इतकेच की उपकेंद्रातील रोहित्रांवर भार चालू असतानाच टॅप बदलणारी यंत्रणा असते. भार वाढून दाब खाली आला की ती आपोआप वेढ्यांचे प्रमाण बदलते आणि ११ केव्ही पुन्हा जागेवर आणते. दूरच्या प्रवासात जे हरवले ते इथे भरून निघते. त्या संध्याकाळी रोहित्रापाशी आलेला उच्चदाब १०.९ केव्ही होता, म्हणजे तिथवर सगळे ठीक होते.

पुढे वस्तीतील डीपीपासून सॉकेटपर्यंत दाब सांभाळणारे काहीही नसते. या रोहित्राचे टॅप वीज बंद करूनच हाताने बदलता येतात, त्यामुळे ते एकदा ठरवले की वर्षानुवर्षे तसेच राहतात. पन्नास व्होल्टचा हा तोटा शोधायला तीनशे किलोमीटर नव्हे, हे शेवटचे सहाशे मीटर बघायचे होते.

रात्री आठची मोजणी

दिवसा केलेली मोजणी इथे कुचकामी ठरली असती, कारण दुपारी भार नसतो आणि टोकालाही २३५ व्होल्ट दिसतात. म्हणून मोजणी रात्री आठला झाली. अभियंत्यासोबतच्या लाइनमनने डीपीच्या लघुदाब बाजूला आधी दाब मोजला. लाल फेज २४०, पिवळा आणि निळा २४३. मग टाँग टेस्टरने प्रवाह. लाल ११८ अँपिअर, पिवळा ५२, निळा ४६, आणि न्यूट्रलमध्ये ६९.

"मॅडम, डीपी चांगली आहे, फ्यूजही नीट आहेत. वीज वायरमध्येच मरतेय," लाइनमन म्हणाला. न्यूट्रलचा आकडा मात्र त्याने दोनदा तपासला. तिन्ही फेजवर सारखा भार असता तर त्यांचे परतीचे प्रवाह एकमेकांना छेदून गेले असते आणि न्यूट्रलमध्ये जवळपास काहीच वाहिले नसते. ६९ अँपिअर याचा अर्थ लाल फेजवर फारच जास्त घरे अडकलेली होती.

टोकाच्या खांबावरचे आकडे याहून बोलके होते. लाल फेज १८८ व्होल्ट, पिवळा २३८, निळा २४०. एकाच खांबावरून वीज घेणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या दाबात पन्नास व्होल्टचा फरक! केंद्रात किंवा उच्चदाब वाहिनीत सगळीकडे जाणवणारा तुटवडा असता तर तिन्ही फेजचा दाब साधारण सारखाच खाली गेला असता. इथे एक फेज खचला आणि उरलेले दोन जवळपास डीपीच्या दाबाइतकेच राहिले. दोष असमान भाराचा होता, आणि तो याच वाहिनीवर होता.

हे कसे घडते ते थोडे सविस्तर पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत. सहाशे मीटर तारेचा रोध सुमारे अर्धा ओहम, नेमका धरायचा तर ०.५४. भार वाटभर पसरलेला असल्याने सगळा प्रवाह टोकापर्यंत जात नाही. लाल तारेच्या पहिल्या तुकड्यात ११८ अँपिअर वाहतो आणि शेवटच्या तुकड्यात जवळजवळ काहीच नाही. म्हणून सरासरीने अर्धा धरायचा. लाल तारेत ३२ व्होल्ट जातात. परतीच्या न्यूट्रलमध्ये ६९ अँपिअरच्या हिशेबाने आणखी १९ जातात. दोन्ही मिळून एक्कावन्न. डीपीवरच्या २४० मधून ते वजा केले की जवळपास १८८ उरतात, आणि मोजलेला आकडाही तोच होता. घरात आलेला दाब फेज आणि न्यूट्रल यांच्यातला असतो. न्यूट्रल टोकाशी १९ व्होल्टने लाल फेजकडे सरकला होता. त्याच सरकण्याने तो पिवळ्या आणि निळ्यापासून लांब गेला, म्हणून त्या दोघांचा दाब भार असूनही तग धरून होता. लाल फेजवरची घरे जो दाब गमावत होती, त्यातला काही भाग शेजाऱ्याच्या फेजला मिळत होता.

तक्रारदाराच्या घरात सॉकेटवर १७८ होते आणि खांबावर १८८. उरलेले दहा व्होल्ट त्या घरापुरतेच होते. पंचवीस मीटरच्या सर्व्हिस वायरमध्ये १२ अँपिअरला सुमारे तीन व्होल्ट जाणे साहजिक आहे, आणि घरातल्या वायरिंगमध्ये आणखी दोन गेले. हिशेबात न बसणारे पाच व्होल्ट खांबावरच्या सैल जोडात सापडले. पाच व्होल्ट गुणिले बारा अँपिअर म्हणजे साठ वॉट. तेवढी उष्णता एका जोडात सतत निर्माण होत होती, आणि ॲल्युमिनियम तिथे काळवंडून खरखरीत झाले होते. मोठ्या दोषासोबत असा छोटा दोष दडलेला असतो. सगळे खापर वाहिनीवर फोडले असते तर तो तसाच राहिला असता आणि कधीतरी जळून तुटला असता.

कोणते पर्याय होते

घरोघरी स्टॅबिलायझर बसवायला रहिवाशांनी आधीच सुरुवात केली होती. एका घरापुरते ते कामी येते. पण स्टॅबिलायझर शक्ती निर्माण करत नाही. १८० व्होल्टवरून २३० द्यायचे तर तो वाहिनीतून सुमारे अठ्ठावीस टक्के जास्त प्रवाह ओढतो. तो जादा प्रवाह त्याच लाल तारेतून येतो, दाब आणखी उतरतो, मग पुढच्या घराला स्टॅबिलायझर घ्यावासा वाटतो. वस्तीत हे चक्र सुरू झालेलेच होते आणि माझ्या मते तक्रार अलीकडे चिघळली त्यात त्याचा मोठा वाटा होता.

दुसरा पर्याय डीपीचा टॅप पाच टक्के वर करण्याचा. तो तासाभरात होतो, पैसेही लागत नाहीत, आणि म्हणून मोह मोठा असतो. अभियंत्याने आकडे मांडून तो नाकारला. लाल टोक १८८ वरून फार तर २०० वर गेले असते, म्हणजे मर्यादेच्या खालीच. उलट मध्यरात्री भार उतरल्यावर डीपीवरचा दाब २५० च्या आसपास असतो. टॅप चढवल्यावर तो २६२ झाला असता आणि डीपीजवळच्या घरांची उपकरणे रोज रात्री मर्यादेबाहेर चालली असती. एका टोकाची तक्रार दुसऱ्या टोकाला नेण्यापलीकडे यातून काही साधले नसते.

तिसरा पर्याय तार बदलण्याचा. ५० चौरस मिलिमीटरची तार टाकली तर रोध साठ टक्क्यांवर येतो, पण भार तसाच असमान राहिला तर टोकाला २०९ व्होल्ट मिळाले असते, मर्यादेच्या जेमतेम वर. चौथा पर्याय वस्तीच्या मध्यभागी दुसरे रोहित्र बसवण्याचा. ११ केव्हीची वाहिनी भाराजवळ आणणे हा तत्त्वतः सर्वांत योग्य उपाय, कारण केंद्रापाशी दाब ज्या कारणासाठी चढवतात तेच कारण इथेही लागू होते. पण त्याला जागा, खांब, मंजुरी आणि वेळ लागतो.

पाचवा पर्याय फेज समतोल करण्याचा. खांबांवर जाऊन काही घरांची सर्व्हिस वायर लाल तारेवरून पिवळ्या-निळ्यावर घ्यायची. नवीन सामान जवळपास नाही. एकूण २१६ अँपिअरचे तीन समान भाग केले तर प्रत्येकी ७२ येतात. न्यूट्रल रिकामा होतो आणि टोकाशी २२० च्या आसपास दाब मिळायला हवा. हा पर्याय आधी आणि दुसऱ्या रोहित्राचा प्रस्ताव समांतर, असा निर्णय झाला. मला तो बरोबर वाटतो, कारण असमतोल न काढता जाड तार किंवा नवे रोहित्र टाकले असते तर त्यांच्या क्षमतेचा मोठा भाग त्या असमतोलातच खपला असता.

पहिली फेरी

काम लाइनमन पथकाकडे गेले. डीपीपासून निघून पहिल्या दोनशे मीटरमधली लाल फेजवरची सगळी घरे त्यांनी पिवळ्या आणि निळ्यावर घेतली. तिथले खांब रस्त्यालगत होते, शिडी लावणे सोपे होते, आणि डीपीवरचे तीन प्रवाह सारखे करा एवढाच आदेश होता. संध्याकाळी डीपीवर लाल ७९, पिवळा ७०, निळा ६७ आणि न्यूट्रल फक्त ११ अँपिअर दिसला. कागदोपत्री काम फत्ते.

टोकाला मात्र १९६ व्होल्ट. फक्त आठ व्होल्टची सुधारणा.

कारण दोनशे मीटरच्या खांबावर उलगडले. इन्सुलेटेड काठीवर बसवलेल्या टाँग टेस्टरने तिथले प्रवाह घेतले तेव्हा लाल ७९, पिवळा ३५, निळा ३१ आणि न्यूट्रल ४६ निघाला. पुढच्या चारशे मीटरमध्ये असमतोल जसाच्या तसा होता. जवळच्या घरांचा जादा पिवळा-निळा भार फक्त डीपीच्या बेरजेत लालची भरपाई करत होता. डीपीवर उभे राहून पाहिले तर तिन्ही फेज सारखे दिसतात, पण दाब प्रत्येक तुकड्यात, त्या तुकड्यातून वाहणाऱ्या प्रवाहाने घटतो. डीपीपाशी हलवलेल्या अँपिअरमुळे वाचलेले व्होल्ट थोडेच असतात, कारण त्या अँपिअरने तारेत कापलेले अंतरच थोडे होते.

दुसरी फेरी

यावेळी वाहिनीचे तीन भाग केले आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे समतोल करायचे ठरले. घरांची संख्या मोजून वाटणी करणे टाळले, कारण गीझर आणि पंप असलेले एक घर फक्त दिवे असलेल्या पाच घरांइतके असू शकते. प्रत्येक लाल जोडणीचा रात्री आठचा प्रवाह मोजून यादी केली आणि टोकाकडून सुरुवात करून मागे येत घरे हलवली. पहिल्या फेरीत पिवळ्या-निळ्यावर नेलेल्यांपैकी काही घरे पुन्हा लालवर आणावी लागली.

दोन गोष्टींची काळजी घेतली गेली. तीन फेजच्या जोडण्यांना हात लावला नाही, कारण तिथे दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. आणि काम वाहिनी बंद करून, तारा एकत्र जोडून अर्थिंग केल्यावरच झाले. न्यूट्रलची जोडणी सुटलेली असताना वीज चालू राहिली तर वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी सलग जोडली जातात आणि कमी भाराच्या घरात दाब ३०० व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. वीज पुन्हा सुरू करण्याआधी प्रत्येक हलवलेल्या घराच्या मीटरपाशी फेज-न्यूट्रल तपासला, कारण चुकून दोन फेज जोडले गेले तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्ट पोचतात. काळवंडलेला जोड कापून नव्या क्लँपने घट्ट बसवला.

निष्पत्ती

रात्री आठला डीपीवर लाल ७४, पिवळा ७२, निळा ७०. टोकाच्या खांबावर लाल २१७, पिवळा २१९, निळा २२०. तक्रारदाराच्या सॉकेटवर २१२. मर्यादेच्या आत, जरी २३० नव्हे. फ्रीज आणि पंप पहिल्या झटक्यात सुरू होऊ लागले. पिवळ्या फेजवरील काही घरांनी आपला दाब कमी झाला अशी तक्रार केली, आणि ती खरीच होती. २३८ वरून २१९ वर ते आले होते. त्यांना आकडे दाखवून समजावावे लागले. हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

तारेत जाणारी शक्तीही घटली. आधी तिन्ही फेज आणि न्यूट्रल मिळून सुमारे ४.२ किलोवॉट उष्णतेत जात होते, नंतर २.८. एकूण भार तोच असून एक तृतीयांश तोटा निव्वळ वाटणीने वाचला.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या फेरीचा आदेश चुकीच्या ठिकाणच्या आकड्यावर बेतला होता. "डीपीवरचे तीन प्रवाह सारखे करा" हे मोजायला सोपे होते, पण तक्रार टोकाची होती. "टोकाच्या खांबावर तिन्ही फेज एकमेकांच्या पाच व्होल्टच्या आत आणा" असा आदेश असता तर पथकाने शिडी आपोआप टोकाकडे नेली असती. मधल्या एखाद्या खांबावर प्रवाह घेण्याचे काम पहिल्याच रात्री केले असते तरी एक फेरी वाचली असती.

नव्या जोडण्या देताना फेज कोण निवडतो हाही प्रश्न उरला. लाल तार खांबावर शिडीच्या बाजूला होती, म्हणून वर्षानुवर्षे नवे घर तिलाच लागत गेले. आता प्रत्येक खांबावर पुढची जोडणी कोणत्या फेजला द्यायची ते रंगाने खुणावले आहे. ही खूण पाळली गेली तरी असमतोल पुन्हा हळूहळू वाढतोच, कारण माणसे उपकरणे घेतात आणि विकतात. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा रात्रीची मोजणी करायचे ठरले आहे.

दुसऱ्या रोहित्राचा प्रस्ताव मागे घेतलेला नाही. समतोल भारावर टोक २१७ आहे आणि मर्यादा २०७. घट आता सुमारे २३ व्होल्टची आहे, त्यामुळे भार साधारण चाळीस टक्क्यांनी वाढला की ही दहा व्होल्टची जागा संपेल. मोजणीत टोकाचा आकडा २१२ च्या खाली आला की ११ केव्हीची वाहिनी मध्यापर्यंत नेण्याचे काम सुरू करायचे, असे लेखी ठरले आहे.